टेकू कुठे ठेवायचा?

एक फोटो डोळ्यांसमोर आणा. शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशी लाकडी मीटरपट्टी आहे. तिच्या 10 सेंटिमीटरच्या खुणेवर 200 ग्रॅमचे पितळी वजन ठेवले आहे आणि 85 च्या खुणेवर 100 ग्रॅमचे. खाली प्रश्न: पट्टी आडवी तोलून राहायची असेल तर टेकू कोणत्या खुणेखाली सरकवाल? कोड्यांच्या पुस्तकांत आणि मुलांच्या विज्ञानाच्या वह्यांत हे चित्र निरनिराळ्या रूपांत भेटते. कधी पट्टीच्या जागी बागेतला सी-सॉ असतो, कधी वजनांच्या जागी विटा. उत्तर काढायची रीत एका ओळीत सांगून होते. पण त्या उत्तरावर विसंबून खरोखरच टेकू ठेवला, तर पट्टी बहुतेक वेळा एका बाजूला कलंडते. रीत चुकलेली नसते. फोटोतले काहीतरी वाचायचे राहून गेलेले असते.

आधी रीत. तरफेच्या दोन्ही बाजूंना वजन आणि त्याचे टेकूपासूनचे अंतर यांचा गुणाकार सारखा आला की तरफ तोलली जाते. या गुणाकाराला पाठ्यपुस्तकात आघूर्ण म्हणतात; आपण नुसता गुणाकार म्हणू. आपल्या फोटोत टेकू 35 च्या खुणेखाली ठेवला, तर डावीकडचे 200 ग्रॅम 25 सेंटिमीटरवर येतात आणि उजवीकडचे 100 ग्रॅम 50 सेंटिमीटरवर. दोन्हीकडे 5000. हिशेब जुळला.

पण गुणाकारच का? बेरीज का नाही? हा प्रश्न भाबडा नाही. 1955 साली ज्याँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी मुलांच्या तर्कशक्तीवर लिहिलेल्या पुस्तकात तराजूच्या दांडीचा प्रयोग आहे. पुढे 1976 मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीग्लर यांनी त्याच प्रयोगावरून मुलांच्या विचाराच्या चार पायऱ्या मांडल्या. लहान मूल फक्त वजने मोजते. थोडे मोठे झाले की वजने सारखी असतील तेव्हा अंतराकडे बघते. त्यानंतर दोन्हींकडे बघू लागते, पण एका बाजूला वजन जास्त आणि दुसऱ्या बाजूला अंतर जास्त असे झाले की गोंधळते. शेवटची पायरी गुणाकाराची, आणि तिथवर सगळी मोठी माणसेही पोहोचत नाहीत. मधेच कुठेतरी अनेक जण मनातल्या मनात बेरीज करून मोकळे होतात. एका बाजूला 5 वजने 2 घरांवर आणि दुसऱ्या बाजूला 3 वजने 4 घरांवर असतील, तर बेरीज दोन्हीकडे 7 येते आणि दांडी तोललेली राहील असे वाटते. प्रत्यक्षात 10 विरुद्ध 12 असा सामना असतो आणि दांडी दुसऱ्या बाजूला झुकते.

गुणाकार कुठून येतो याचे सर्वांत देखणे उत्तर सिराक्यूजच्या आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात दिले. प्रतलांच्या समतोलावरच्या त्याच्या ग्रंथात तो मोजमापांपासून सुरुवात करत नाही. तो एवढेच गृहीत धरतो की सारखी वजने सारख्या अंतरांवर असतील तर ती तोलली जातात. बाकी सगळे त्यातून निघते. त्याचाच विचार आपल्या पट्टीवर चालवून बघू. 10 च्या खुणेवरचे 200 ग्रॅम म्हणजे शंभर-शंभरची दोन वजने समजा. त्यांतले एक 25 सेंटिमीटर उजवीकडे सरकवा आणि दुसरे तेवढेच डावीकडे. दोघांच्या मधला बिंदू 10 वरच राहिला, त्यामुळे एकंदर तोलात काही फरक पडत नाही. आता एक वजन 35 वर आले, म्हणजे बरोबर टेकूच्या माथ्यावर. ते कुठल्याच बाजूला ओढत नाही. दुसरे शून्याच्याही पलीकडे, उणे 15 वर गेले. तिथे पट्टी नाही, पण मनातल्या मनात ती लांबवायला कोणी अडवत नाही. उणे 15 पासून 35 पर्यंत 50 सेंटिमीटर, आणि 35 पासून 85 पर्यंतही 50. सारखी वजने, सारखी अंतरे. कुठेही गुणाकार न करता आपण 35 वर पोहोचलो.

टेकूची जागा आधी माहीत नसेल तर अंतरे कुठून मोजायची, इथे बरेच जण अडखळतात. ‘टेकू क्ष वर मानू’ म्हणून समीकरण मांडता येते, पण त्याची गरज नाही. पट्टीच्या शून्यापासूनच मोजा. प्रत्येक वजनाला त्याच्या खुणेने गुणा, सगळे गुणाकार मिळवा आणि एकूण वजनाने भागा. 200 गुणिले 10 म्हणजे 2000, 100 गुणिले 85 म्हणजे 8500, बेरीज 10500, भागिले 300, उत्तर 35. वजने दोनच्या ऐवजी सात असली तरी रीत तीच. ग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे आणि बलासाठी न्यूटन हवे, असा आक्षेप एखादा काटेकोर विद्यार्थी घेईल. तो बरोबर आहे, पण पृथ्वीची ओढ सगळ्या वजनांना एकाच प्रमाणात लागू असल्याने भागाकारात ती निघून जाते.

तर मग पट्टी 35 वर का कलंडते? कारण पट्टीलाही वजन असते. फोटोत वजनांवर आकडे कोरलेले दिसतात, पट्टीवर मात्र फक्त सेंटिमीटर. म्हणून ती हिशेबातून सुटते. टेकू 50 च्या खुणेखाली, म्हणजे पट्टीच्या मध्यावर असेल, तर हे सुटणे माफ असते; अर्धी पट्टी अर्ध्या पट्टीला तोलून धरते. टेकू मध्यावरून हलला की लांब उरलेली बाजू आपला भार टाकू लागते. तराजू वापरणाऱ्या जुन्या दुकानदाराला हे शिकवावे लागत नाही. रिकाम्या तागडीतला फरक काढायला हलक्या बाजूला तो पासंग बांधतो आणि मगच तोलायला घेतो. आपल्या फोटोतल्या पट्टीला पासंग बांधलेला नाही, म्हणून तो आकड्यांत धरावा लागेल.

धरायचा कसा, तर पट्टीचे सगळे वजन तिच्या मध्यावर, 50 च्या खुणेवर ठेवले आहे असे मानून. पट्टी 100 ग्रॅमची असेल तर आपल्या बेरजेत 100 गुणिले 50 म्हणजे 5000 वाढतात. बेरीज 15500, एकूण वजन 400, भागाकार 38.75. पडताळा घ्या: डावीकडे 200 गुणिले 28.75 म्हणजे 5750. उजवीकडे 100 ग्रॅमचे वजन 46.25 वर, त्याचे 4625, आणि पट्टीचा मध्य टेकूपासून 11.25 वर, त्याचे 1125, मिळून 5750. म्हणजे पट्टीकडे दुर्लक्ष केल्याने टेकू जवळजवळ पावणेचार सेंटिमीटर चुकत होता. पट्टीच्या तुलनेत वजने फार जड असतील, किलो-दोन किलोची, तर ही चूक नजरेत भरणार नाही. सी-सॉच्या जाड फळीला मात्र मुलांइतकेच वजन असू शकते.

आता फोटोत पट्टीचे वजन दिलेले नसेल तर? नुसत्या एका फोटोवरून ते कळणार नाही, हे स्पष्ट म्हटलेले बरे. पण तीच पट्टी एकाच वजनासह तोललेली दाखवणारा दुसरा फोटो हाती असेल, तर काटा न वापरता पट्टी तोलता येते. समजा, दुसऱ्या फोटोत 50 ग्रॅमचे एकच वजन 20 च्या खुणेवर आहे आणि टेकू 40 वर. वजन टेकूपासून 20 सेंटिमीटर दूर, त्याचा गुणाकार 1000. दुसऱ्या बाजूला त्याला तोलून धरणारे आहे काय? फक्त पट्टी, आणि तिचा मध्य टेकूपासून 10 सेंटिमीटरवर. म्हणजे पट्टी 100 ग्रॅमची. प्रयोगशाळेत हा प्रयोग फार जुना आहे. तो करताना आधी रिकामी पट्टी तोलून तिचा खरा मध्य बघून घेतात, कारण कोपरा झिजलेली किंवा एका टोकाला ओल लागलेली पट्टी 50 ऐवजी 49.7 वर तोललेली सापडते. तसे झाले तर पुढच्या हिशेबात 50 च्या जागी तोच आकडा घालायचा.

इथपर्यंत आपण खुणा अचूक वाचल्या असे धरले. फोटोत हेच सर्वांत फसवे काम. कॅमेरा पट्टीच्या एका टोकाशी उभा राहून फोटो घेतला असेल, तर जवळचे दहा सेंटिमीटर लांबलचक दिसतात आणि दूरचे आखडलेले. अशा फोटोवर फूटपट्टी ठेवून किंवा पडद्यावर बोटाने अंतर मापून काही हाती लागत नाही. मात्र पट्टीवरच्या खुणाही त्याच प्रमाणात आखडलेल्या असतात, म्हणून खूण वाचणाऱ्याला कॅमेऱ्याच्या कोनाचा त्रास होत नाही. वजन 85 च्या रेषेवर असेल तर फोटो कुठूनही काढा, ते 85 च्या रेषेवरच दिसेल. अडचण येते ती खुणा विरळ असतात तेव्हा. सी-सॉच्या फळीवर अर्ध्या-अर्ध्या मीटरवर रंगाचे पट्टे आहेत आणि विटेची जागा दोन पट्ट्यांच्या मधोमध दिसते, म्हणून ती खरोखर मध्यावर असेल असे नाही. तिरक्या फोटोत खरा मध्य दूरच्या पट्ट्याकडे सरकलेला दिसतो. चित्रात मधोमध दिसणारी वीट खरे तर कॅमेऱ्याकडे थोडी कललेली असते.

दुसरा सापळा वजन आणि खुणा एकाच प्रतलात नसण्याचा. वजन पट्टीच्या पुढच्या बाजूला दोऱ्याने लटकते आहे आणि खुणा मागे आहेत, अशा वेळी कॅमेरा बाजूला असला की वजन भलत्याच खुणेसमोर दिसते. किती चूक होते ते बघा. वजन खुणांच्या 2 सेंटिमीटर पुढे आहे, कॅमेरा पट्टीपासून 50 सेंटिमीटरवर आहे आणि वजनाच्या समोर नसून 20 सेंटिमीटर बाजूला आहे. कॅमेऱ्यापासून वजनावरून जाणारी नजर पट्टीवर जिथे पोहोचते ती खूण खऱ्या खुणेपासून आठ मिलिमीटरहून थोडी अधिक सरकलेली असते. मिलिमीटर कोरलेल्या पट्टीवर ही चूक फार मोठी आहे, आणि ती फोटोच्या दोन्ही टोकांना उलट दिशांनी होते: कॅमेरा मध्यासमोर असेल तर डावीकडचे वजन आणखी डावीकडे दिसते आणि उजवीकडचे आणखी उजवीकडे. ओळखायची खूण अशी: वजनाची फक्त पुढची बाजू दिसते की एक कुशीही दिसते? कुशी दिसत असेल तर नजर तिरकी आहे.

पट्टीवर उभ्या ठेवलेल्या गोल वजनाची कोणती खूण धरायची, हाही प्रश्न असतो. वजनाची डावी कड तळाशी ज्या खुणेवर टेकते ती आणि उजवी कड जिथे टेकते ती, दोन्ही वाचा आणि त्यांची सरासरी घ्या. कोरलेला आकडा वजनाच्या मधोमध असतो म्हणून त्याच्यावरून अंदाज बांधण्याची सवय अनेकांना असते. तिरक्या फोटोत तो आकडा वर असतो आणि खुणा खाली, त्यामुळे नेम चुकतो.

उलट प्रकारच्या फोटोंत टेकू आधीच ठेवलेला असतो, पट्टी तोललेली दिसते आणि एखादे अनोळखी वजन काढायचे असते. अशा फोटोत पट्टी खरोखर तोललेली आहे की नाही हे आधी तपासले पाहिजे. टेकूची धार बघा. पट्टी पातळ धारेवर असेल तर ठीक. पण ती 2 सेंटिमीटर रुंदीच्या सपाट ठोकळ्यावर असेल, तर एकंदर भाराचा मध्य त्या दोन सेंटिमीटरांत कुठेही असला तरी पट्टी शांतपणे आडवी राहील. आपल्या 400 ग्रॅमच्या मांडणीत याचा अर्थ असा की ठोकळ्याच्या मध्यापासून एका बाजूला 1 सेंटिमीटर, म्हणजे 400 चा गुणाकार पोटात घालता येतो. तेवढ्यात 85 वरचे 100 ग्रॅमचे वजन 81 वर किंवा 89 वर नेले तरी पट्टी हलणार नाही. ठोकळ्यावरच्या फोटोवरून दशांश चिन्हापर्यंत उत्तर काढणाऱ्यांची मला नेहमी गंमत वाटते.

पट्टी तिरकी असूनही स्थिर दिसत असेल तर दोन शक्यता. तिचे टोक टेबलाला टेकले असेल, तर ती बाजू भारी आहे एवढेच कळते. किती भारी ते नाही. टोक अधांतरी असेल तर गोष्ट वेगळी. पट्टी तिरकी झाली की दोन्ही बाजूंची आडवी अंतरे एकाच प्रमाणात घटतात, म्हणून आडवी असताना जुळलेले गुणाकार तिरकी असतानाही जुळतात. वजने दोऱ्याने लटकवली असतील तर कोड्याच्या कागदी पट्टीला कुठल्याही कोनात स्वस्थ राहता येते. खरी पट्टी असे करत नाही. ती वरून दोऱ्याने टांगलेली असेल आणि तिचा भारमध्य टांगणीच्या खाली असेल, तर किंचित ढकलल्यावर ती परत आडवी होते. तीच पट्टी खालच्या धारेवर ठेवून वजने तिच्या माथ्यावर उभी केली, तर भारमध्य टेकूच्या वर जातो. मग पट्टी जरा उजवीकडे झुकली की दोन्ही वजनांचे माथे आणखी उजवीकडे जातात, उजवे अंतर वाढते, डावे घटते, आणि जरासा कल थेट आपटण्यापर्यंत जातो. सी-सॉवर सारख्या वजनाची दोन मुले सारख्या अंतरावर बसूनही मधोमध थांबत नाहीत, त्याचे एक कारण हेच. फळीच्या वर बसलेली मुले उंच भारमध्य घेऊन बसतात. म्हणून पट्टीच्या माथ्यावर उंच वजने आणि खाली बारीक धार असा तोललेला फोटो दिसला, तर फोटोबाहेर कोणाचे तरी बोट आहे का, अशी शंका घ्यावी. प्रयोगशाळेत वजने दोऱ्याने लटकवण्याचे कारण नेमके हे: लटकते वजन किती खाली आहे याने फरक पडत नाही, ते जिथे दोऱ्याने अडकवले तिथेच ओढते.

वजने स्थिर आणि टेकू सरकता, ही आपल्या फोटोतली मांडणी खऱ्या बाजारातही वापरात होती. उत्तर युरोपात बिस्मार नावाचा काटा असे. लाकडी दांडी, एका टोकाला जड गोळा, दुसऱ्या टोकाला माल अडकवायचा आकडा, आणि मधे दोरीचा फास, ज्याने दांडी हातात धरायची. वजने ठेवायचीच नाहीत. दांडी आडवी होईपर्यंत फास पुढेमागे सरकवायचा आणि तो जिथे थांबला तिथली खूण वाचायची. समजा गोळा आणि दांडी मिळून 1 किलो आहे आणि त्यांचा भारमध्य आकड्यापासून 60 सेंटिमीटरवर आहे. 1 किलो माल टांगला तर फास आकड्यापासून 30 सेंटिमीटरवर तोलेल. 2 किलोला 20 वर, 3 ला 15 वर, 4 ला 12 वर, 5 ला 10 वर. पहिल्या दोन खुणांमध्ये 10 सेंटिमीटर, पुढच्या दोनांत 5, मग 3, मग 2. माल जड होत जाईल तसतसा टेकू मालाजवळ जातो आणि खुणा दाटत जातात, त्यामुळे या काट्यावर हलका माल बारकाईने तोलता येई आणि जड माल ढोबळ. जुन्या बिस्मारचा फोटो कधी पाहायला मिळाला, तर माल टांगायचे टोक कोणते हे खुणांच्या दाटीवरून लगेच ओळखता येते.